राखेचा धडा

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्यापासून माझ्या ओट्यावर कुणी चहाला येणार नाही, आणि या वयात मला चहाला माणसं लागतात. तापीकाठचं गाव आहे, केळी आणि उसाचं, एवढं पुरे.

या गावच्या हायस्कुलात मी मराठी शिकवली आणि वत्सलाबाईंनी विज्ञान. माझ्या तासाला पोरं जांभया द्यायची. बाईंच्या तासाला पाठीमागच्या बाकावरचे दांडगेसुद्धा मान उंचावून बसायचे. मला त्याचा हेवा वाटायचा, अजून वाटतो. बाई ठेंगण्या, सुती लुगडं, केसांचा घट्ट अंबाडा, आवाज मात्र तिसऱ्या गल्लीत जाईल असा. नवरा लवकर गेला. पदरात एकच पोरगा, लखन.

त्यांचा एक धडा साऱ्या गावाला पाठ होता. अणू फुटतो तो आणि अणू जुळतो तो. पुस्तकात तो चार ओळींत उरकला होता. बाई त्याला आठवडा लावायच्या, कारण आमच्याकडची बरीच माणसं पोटासाठी गुजरातेत जातात, त्यातली काही तिकडच्या अणुवीज केंद्रात. आपला बाप, आपला भाऊ कुठल्या आगीजवळ उभा राहतो हे पोरांना कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

बाई सांगायच्या, ‘युरेनियमचा अणू म्हणजे आपल्याकडचं मोठं खटलं. एका चुलीवर इतकी माणसं की घर फुटायला टेकलेलं. बाहेरून एक पाहुणा आला, न्यूट्रॉन, की फुटलंच. दोन घरं होतात, भांडणाचा जोर बाहेर पडतो आणि वर दोन-तीन जण घराबाहेर फेकले जातात. ते शेजारच्या खटल्यात शिरतात, तेही फुटतं. हे असंच चालू राहतं. रिअ‍ॅक्टरमध्ये या फेकलेल्यांपैकी बरेच जण मध्येच गिळून टाकायला कांड्या ठेवलेल्या असतात. एका फुटण्यातून पुढे एकच फुटणं व्हावं, एवढाच हिशेब.’

पोरं हसायची, कारण गावात कुणाचं खटलं कसं फुटलं हे सगळ्यांना ठाऊक. बाईंचं स्वतःचंही फुटलेलं होतं. नवरा गेल्यावर थोरला दीर हिंमतराव आणि त्या वेगळ्या झाल्या, आणि मध्ये भिंत उभी राहिली.

‘सूर्यात याच्या उलट,’ बाई पुढे म्हणायच्या. ‘तिथे हायड्रोजन. एकटे, हलके जीव. दोघंही एकाच जातीच्या विजेचे, म्हणून एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. त्यांचं लग्न लावायचं तर केवढा दाब पाहिजे! सूर्याचं स्वतःचं वजन तो दाब देतं. मध्यात दीड कोटी अंश उष्णता. तेव्हा कुठे ते जुळतात आणि चार हायड्रोजनचा एक हेलियम होतो. त्या हेलियमचं वजन करा, चौघांच्या वजनापेक्षा थोडं कमी भरतं. जे कमी भरलं ते ऊन होऊन आपल्या डोक्यावर पडतं. फुटण्यातही तसंच, तुकड्यांचं वजन आधीपेक्षा कमी.’

मग एखादं पोरगं विचारायचंच, फुटूनही शक्ती आणि जुळूनही शक्ती, हे कसं? बाई या प्रश्नाची वाटच बघत असायच्या. लोखंड, त्या म्हणायच्या. लोखंडाच्या आसपासचं घर सगळ्यांत सुखी, त्याला फुटायचंही नसतं आणि कुणाशी जुळायचंही नसतं. जड असेल तो फुटून लोखंडाकडे सरकतो, हलका असेल तो जुळून. त्या बाजूला सरकताना जे सांडतं तीच शक्ती.

शेवटच्या दिवशी त्या पोरांना हिंमतरावांच्या गुऱ्हाळावर न्यायच्या. भिंत असली तरी तेवढं चालायचं. चुलाण विझवलेलं असायचं. बाई म्हणायच्या, ‘हात घाला बरं राखेत.’ कुणी घालायचं नाही. ‘का? आग तर विझली.’ आणि मग ते वाक्य, जे आमच्या गावात दोन पिढ्यांना पाठ आहे: ‘रिअ‍ॅक्टर बंद केला तरी त्याची राख तापलेलीच राहते. फुटलेल्या अणूंचे तुकडे स्वस्थ बसत नाहीत. वर्षानुवर्षं त्यांना पाण्याखाली ठेवावं लागतं.’ खरं वाक्य आहे. एक अक्षर चूक नाही त्यात.

याच वाक्याने पुढे बाईंचा घात केला.

लखन आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. आईसारखा ठेंगणा, आईसारखाच बडबड्या. एका कंत्राटदाराच्या टोळीबरोबर कामाला जायचा, आज इथे, उद्या तिथे. गेल्या उन्हाळ्यात त्या टोळीला अणुवीज केंद्राच्या बाजूचं काम मिळालं. कोणतं केंद्र ते विचारू नका, त्यांचा काही दोष नाही यात. केंद्र दुरुस्तीसाठी बंद होतं आणि कंत्राटदाराची माणसं कुंपणाबाहेरच्या मोकळ्या मैदानात लोखंडी मनोरे उभे करत होती. लखनने फोनवर आईला सांगितलं, ‘केंद्र बंद शे माय, चिंता नको करू.’ ते बाईंनी कौतुकाने अख्ख्या गल्लीला सांगितलं. बंद शे, बंद शे. सांगायला नको होतं.

मे महिन्यात तो मनोऱ्यावर भोवळ येऊन पडला. दोराला लटकलेला खाली काढला तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं, घाम नाही, शुद्ध नाही. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. डॉक्टरांनी लिहून दिलं, उष्माघात.

सकाळी रुग्णवाहिका आली. शवचिकित्सा झालेली, म्हणून प्रेत जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. ड्रायव्हरच्या तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. त्याने ओट्यावर प्रेत ठेवलं, मोजे काढून रस्त्याच्या कडेला फेकले आणि गाडी वळवून निघून गेला. बरोबर लखनच्या टोळीतला एक जोडीदार आला होता, बाज्या नावाचा, तळोद्याच्या वरच्या अंगाचा भिल्ल. तो एका कोपऱ्यात उभा राहिला.

गाव जमलं, पण गल्लीच्या पलीकडच्या बाजूला जमलं.

मला आधी कळलंच नाही. माझ्या गुडघ्यांमुळे मी उशिरा पोहोचलो, आणि पाहतो तर ओट्यावर बाई एकट्या, आणि समोरच्या भिंतीला टेकून शंभर माणसं. पाणी तापवायला कुणी चूल पेटवलेली नाही. बांबू आणायला कुणी गेलेलं नाही. आमच्याकडे माणूस गेला की बांबू, गवऱ्या, मडकं हे न सांगता येतं. कुणी कितीही वैरी असो, या कामाला येतो.

बाईंनी प्लास्टिक फाडलं. लखनचं तोंड लालकाळं झालेलं, ओठ फाटलेले. समोरच्या गर्दीतून एक आवाज आला, कुणा बाईमाणसाचा, ‘भाजायेल शे वं माय!’

मयंक पुढे आला. भीकमचंदशेठचा नातू, बाजारपेठेतलं किराणा-भांड्यांचं दुकान तोच बघतो. बाईंचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी, बोर्डात विज्ञानाला पैकीच्या पैकी. अजून बाई दुकानात गेल्या की उठून उभा राहतो. तो पार पायरीपर्यंत आला नाही. अर्ध्या रस्त्यात थांबला आणि हात जोडून म्हणाला, ‘बाई, राग मानू नका. पण तुम्हीच शिकवलंय आम्हाला. बंद केला तरी राख तापलेली राहते. लखन बंद असतानाच तिथे होता ना? मग त्याच्या अंगात ते...’

त्याने लखनकडे नुसतं बोट केलं. पण गावाला तेवढं पुरलं. सगळ्यांनाच आठवत होतं, गुऱ्हाळ, चुलाण आणि बाईंचा तो आवाज. माणसं अडाणीपणाने घाबरली असती तर मी चार शिव्या हासडून त्यांना हलवलं असतं. ही माणसं शिकून घाबरली होती.

बाईंनी पदर खोचला. डोळे कोरडे. वर्गात उभ्या राहायच्या तशा ओट्याच्या कडेला उभ्या राहिल्या, पोराच्या उशाशी.

‘मयंक, ती राख असते कुठे?’

‘नळ्यांमध्ये, बाई.’

‘कसल्या नळ्या?’

‘धातूच्या. बंद केलेल्या.’

‘आणि त्या नळ्या जाड भिंतींच्या आत, पाण्यात. लखन तिथे गेलाच नाही. तो बाहेर होता, उन्हात. बाज्या, सांग त्यांना.’

बाज्या कोपऱ्यातून बोलला, मान खाली घालून. ‘आम्ही मझार, कुंपणना आत, गयाच नही. मझार जातस त्यासले बिल्ला देतस, छातीवर लावाना. किरण किती लागनं ते त्याम्हा मोजातस. आम्हले बिल्ला नही, आम्हनं काम बाहेरनं. पाणीना टाका दुपारलेच खाली व्हयना. मुकादम म्हने, आधी मनोरा उभा करा, मंग पाणी.’ जरा थांबून तो म्हणाला, ‘ऊन मोजाना बिल्ला कोठे राहस?’

‘ऐकलं?’ बाई म्हणाल्या. ‘त्याला त्या आगीने मारलेलं नाही. त्याला मारलं ती आग पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे. जुळण्याची आग. तिची राख म्हणजे हेलियम, जत्रेतल्या फुग्यात भरतात तो. तोसुद्धा वर सूर्यातच राहतो. खाली येतं ते फक्त ऊन. ऊन लागून मेलेल्या माणसाला हात लावायला तुम्ही घाबरता? आणि समजा, समजा तो आत गेला असता, किरण अंगावर पडले असते, तरी दिव्याचा उजेड अंगावर पडला म्हणून माणूस दिवा होतो का रे?’

गर्दी जरा सैल झाली. मी पाहिलं, दोघं-तिघं भिंतीपासून सुटले. हिंमतरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, म्हणजे पुढे यायच्या बेतात होते. तेवढ्यात मयंकने विचारलं, अगदी खऱ्या जिज्ञासेने, तेच त्या पोराचं दुर्दैव, ‘कधीच नाही होत, बाई?’

बाईंनी पोराकडे पाहिलं.

एक ‘नाही’ म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात ओरडलो, म्हणा बाई, म्हणून टाका! मी मराठीचा मास्तर, मी दहा वेळा म्हणालो असतो. पण त्या बाईने तीस वर्षांत फळ्यावर खोटं लिहिलं नव्हतं.

‘किरणांनी सहसा नाही होत,’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘तिथली धूळ अंगाला लागली, नाकातोंडातून गेली, तर गोष्ट वेगळी. पण ती धूळ आत असते. आणि बाहेर पडताना यंत्राने तपासतात. लखन आत...’

‘धूळ’ एवढाच शब्द गल्लीत उरला. कुणीतरी रस्त्याच्या कडेला पडलेल्या रबरी मोज्यांकडे बोट दाखवलं. बायांनी लेकरं उचलली. सुटलेली माणसं पुन्हा भिंतीला लागली.

‘भाऊसाहेब,’ बाई दिराला म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच फाटला. ‘तुम्हना पुतन्या शे हो.’

हिंमतराव रडत होते. खोटं नाही सांगत, घळाघळा रडत होते. ‘मन्हा नातू लहान शे वत्सला,’ ते म्हणाले. ‘माले हात लावाले भ्या वाटस.’ त्यांनी खिशातून ट्रॅक्टरची चावी काढली, रस्त्याच्या मध्यावर ठेवली आणि मागे सरले. हा माणूस मला अजून समजलेला नाही. त्याचा राग करावा की कीव करावी, मी ठरवू शकलेलो नाही.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकायला हवं होतं. बाईंनी स्वतः चूल पेटवली, पाणी तापवलं. बाज्याने परसातले बांबू तोडून तिरडी बांधली आणि घरातली लाकडं ट्रॉलीत भरली. बाज्याने आणि मी लखनला धरलं, बाईंनी त्याला अंघोळ घातली. साबण लावताना त्या पुटपुटत होत्या. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. जवळ वाकलो तेव्हा ऐकू आलं, ‘बंद शे माय, बंद शे माय.’

ओट्यापासून ट्रॉलीपर्यंत खांदा द्यायला आम्ही तिघं, मी, बाज्या आणि बाई. चौथा कोपरा रिकामा. लखन हलका नव्हता आणि बाई ठेंगण्या, म्हणून तिरडी एका अंगाला कलली. मी मेलेल्या पोराला सांभाळावं की माझे गुडघे, ते मला समजेना. शेवटी आम्ही त्याला उसाच्या ट्रॉलीत ठेवलं. पाचटाचा वास येत होता. ट्रॅक्टर बाज्याने चालवला. गाव मागून येत होतं, पण शेताएवढं अंतर राखून. सूर्य समोर तापीच्या पाण्यावर होता, लाल, मोठा, आणि त्या दिवशी त्याच्याकडे पाहून मला संताप आला. हे दृश्य मी वर्गात किती वेळा रंगवून सांगितलं असेल. बाई मात्र त्याच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांनी पोराला अग्नी दिला आणि चितेकडे पाठ न करता उभ्या राहिल्या.

बाज्या त्याच रात्री त्याच्या गावी गेला. जाताना बाईंच्या पाया पडला. त्याला कुणी जेवायला विचारलं नव्हतं. मी विचारलं, पण तो थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी सावडायला आम्ही सकाळीच गेलो, बाई आणि मी. गाव आलं होतं. उंच काठावर, नेहमीच्या अंतरावर. हिंमतरावही होते. सावडताना शिंपडायला दूध लागतं, ते त्यांनी पाठवलं होतं, कुणीतरी तांब्या वाळूत ठेवून गेलं होतं.

मयंक मात्र काठावरून खाली उतरला. हातात एक कोरा करकरीत लोखंडी चिमटा, दुकानातला, हातभर लांब. भट्टीवाले वापरतात तसला. तो बाईंच्या समोर आला आणि चिमटा पुढे केला. ‘बाई, अस्थी याने उचला. हाताने नको,’ तो म्हणाला. डोळे सुजलेले होते. त्या पोराच्या मनात काळजीच होती, बाईंची काळजी. त्याने रात्रभर विचार करून तो चिमटा निवडला असणार, आणि त्यामुळे तर माझ्या अंगाचा भडका उडाला. मी काही बोलणार तोच बाईंनी मला हाताने थांबवलं.

त्यांनी चिमटा घेतला आणि शांतपणे बाजूला वाळूवर ठेवला. मग गुडघे टेकून बसल्या, बांगड्या मागे सारल्या आणि दूध शिंपडायच्या आधीच दोन्ही हात कोपरापर्यंत राखेत खुपसले.

काठावर कुणीतरी किंचाळलं.

बाईंनी हात तसेच ठेवले. खूप वेळ. आत काही शोधत होत्या, की नुसतं धरून होत्या, देव जाणे. मग ओंजळ भरून वर आल्या, उठल्या आणि मयंकसमोर उभ्या राहिल्या. तो एक पाऊल मागे सरकला आणि थांबला. बाईंनी त्याचा उजवा हात धरला, तळवा उघडला आणि त्यात राख ठेवली. त्याने हात मागे घेतला नाही.

‘गरम शे का?’ बाईंनी विचारलं.

तो तळव्याकडे पाहत राहिला. ‘नाही, बाई. गार आहे.’

‘कशाची राख आहे ही?’

वर्गात विचारायच्या तोच आवाज. आणि मयंक, तीस वर्षांचा, बायकापोरांचा धनी, नकळत ताठ उभा राहिला. ‘लाकडाची, बाई.’

‘आणखी?’

त्याने मान वळवून काठावरच्या गावाकडे पाहिलं. बाई थांबल्या. उत्तर येत नसलेल्या पोरासाठी त्या नेहमी थांबायच्या, मग तास संपला तरी चालेल.

‘लखनची,’ तो म्हणाला.

‘बरोबर,’ बाई म्हणाल्या. ‘बस खाली.’

आणि तो मूठ मिटून तिथेच वाळूत बसला.